समोरचं धूसर सवयीनं जात नाही

*नमस्कार. मी ५१ वर्षांची, नाशिकला एका बँकेत कॅशियर आहे. आतापर्यंत लांबचा चष्मा वेगळा आणि वाचायचा वेगळा असं चालायचं. अठरा दिवसांपूर्वी पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह केला. उजवा +०.७५, डावा +१.००, ॲड +२.००. पहिले चार दिवस मान वळवली की जमीन हलायची, मळमळायचं. ते आता बरंच कमी आहे. पण जिना उतरताना पायरी नेमकी कुठे आहे कळत नाही, परवा शेवटची पायरी चुकली. बसची पाटी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही. वाचायला मात्र छान आहे. आमचे हे म्हणतात, “सारखी मान खाली घालून, भांडायला निघाल्यासारखी काय बघतेस?” दुकानदार म्हणतो, महिनाभर वापरा, सवय होईल. साडेचौदा हजार रुपये गेलेत. त्यांच्या कार्डावर फिटिंग हाइट २४/२४ लिहिली आहे. अजून किती दिवस थांबू?*

*– एक वाचक, नाशिक*

ताई, थांबू नका. याच आठवड्यात दुकानात जा, आणि जाताना कार्ड, बिल, डॉक्टरांचा नंबराचा कागद आणि जुना लांबचा चष्मा बरोबर घ्या. तोवर जिन्यावर आणि रस्त्यावर जुनाच चष्मा लावा. पत्रात तुम्ही दोन निरनिराळ्या तक्रारी एकाच दमात सांगितल्या आहेत. त्यातली एक दुकानदार म्हणतो तशी आपोआप जाते, किंबहुना तुमची जात आलीच आहे. दुसरी जात नाही, आणि तिचा धागा तुमच्या यजमानांनी बरोबर पकडला आहे.

आधी जाणारी तक्रार. प्रोग्रेसिव्हच्या काचेत वरच्या भागात लांबचा नंबर असतो, खाली जवळचा, आणि दोन्हींच्या मधे एक अरुंद पट्टा, ज्यात नंबर हळूहळू वाढत जातो. तुमच्या बाबतीत वरून खाली येताना काच २.०० नं चढते, यालाच ॲड म्हणतात. ही चढण कुठेही रेघ न दिसता करायची, तर काचेच्या पृष्ठभागाला कुठेतरी किंमत मोजावी लागते. गोल हंड्यावर कापड ताणून बसवायला घ्या. मधला भाग गुळगुळीत कराल तर चुण्या कडेला सरकतात, त्या नाहीशा होत नाहीत. काचेतल्या चुण्या म्हणजे दोन्ही बाजूंना खाली साचलेला नको असलेला सिलिंडर, म्हणजे एका दिशेला जास्त नि दुसरीला कमी असलेला नंबर. तिथून पाहिलं की दाराची चौकट वाकडी दिसते आणि मान वळवली की फरशी लाटेसारखी सरकते. हे सगळ्या प्रोग्रेसिव्हमध्ये असतं. महाग काचेत या चुण्या जास्त हुशारीनं पसरवलेल्या असतात, एवढाच फरक. ॲड जितका जास्त तितक्या चुण्या जास्त, म्हणून ज्यांना पंचेचाळिशीत १.२५ च्या ॲडनं सुरुवात करता येते त्यांना हे सोपं जातं आणि थेट २.०० वर येणाऱ्याला जरा जड.

मळमळ का होते? आपण डोकं उजवीकडे वळवलं की डोळे आपोआप तितकेच डावीकडे फिरतात, म्हणून जग स्थिर दिसतं. किती फिरायचं ते कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आणि हा हिशेब मेंदूनं तुमच्या जुन्या काचेवर बसवलेला असतो. नव्या काचेतून प्रत्येक जागी वस्तू थोडी वेगळ्या आकाराची दिसते, त्यामुळे जुना हिशेब चुकतो. कान म्हणतो इतकं फिरलो, डोळे म्हणतात नाही, जास्त फिरलो. बोटीत किंवा घाटातल्या एसटीत पोटात ढवळतं ते याच भांडणामुळे. मेंदू हा हिशेब पुन्हा मांडतो. बहुतेकांना काही दिवस ते दोन आठवडे पुरतात, अट एकच की चष्मा सलग लावायला हवा. तासभर नवा, तासभर जुना असं केलं तर मेंदू रोज शून्यापासून सुरुवात करतो. तुमचं गरगरणं चार दिवसांत उतरायला लागलं, म्हणजे तुमच्या मेंदूनं आपलं काम वेळेत केलं.

आता उरलेली तक्रार बघा. बसची पाटी धूसर, वाचायला छान, आणि हनुवटी सतत खाली. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मला काच हातात घेण्याआधीच संशय येतो की काच फ्रेममध्ये जरा वर बसली आहे.

काच बनवताना तिच्यावर एक अधिकचं चिन्ह छापलेलं असतं, ते तुमच्या बुबुळाच्या बरोबर समोर यायला हवं. सरळ समोर बघताना नजर त्या चिन्हातून गेली की लांबचा नंबर मिळतो, आणि नंबराची चढण तिथून खाली सुरू होते. फ्रेमच्या खालच्या कडेपासून हे चिन्ह किती मिलिमीटर वर ठेवायचं, त्या आकड्याला फिटिंग हाइट म्हणतात. तुमच्या कार्डावरचे २४ ते हेच. समजा ती खरं म्हणजे २१ असायला हवी होती. मग सरळ बघताना तुमची नजर चिन्हाच्या ३ मिलिमीटर खालून, चढणीतून जाते. चढण १४ मिलिमीटरची असेल तर एवढ्या अंतरात पाव ते अर्धा नंबर जास्तीचा लागतो. बसची पाटी पुसट व्हायला तेवढा पुरेसा आहे. मग शरीर आपला मार्ग शोधतं. डोळ्याच्या फिरण्याच्या केंद्रापासून काच सुमारे २७ मिलिमीटर पुढे असते, त्यामुळे ३ मिलिमीटरची चूक भरून काढायला मान सहाएक अंश खाली झुकवावी लागते. सहा अंश म्हणजे फार नाही, पण दिवसभर झुकवून ठेवलेली मान घरच्यांना दिसते आणि संध्याकाळी आपल्याला दुखते. वाचताना मात्र जवळचा भाग ३ मिलिमीटर लवकर हाती लागतो, म्हणून ते छान.

म्हणूनच “महिनाभर वापरा” या सल्ल्याची मला भीती वाटते. कडेच्या लाटेची सवय मेंदू करतो. समोरच्या धूसरपणाची सवय मेंदूला करता येत नाही, कारण तो धूसरपणा काचेतला खराखुरा जास्तीचा नंबर आहे. मग सवय मान करते. दीड महिन्यानं विचारलं तर माणूस म्हणतो, “आता काही त्रास नाही,” आणि खुर्चीत बसलेला असतो हनुवटी छातीकडे ओढून. मानेच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो तो वेगळाच.

हे मला पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून कळलं. दुकान टाकून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर माझ्याकडे प्रोग्रेसिव्ह करायला आले. गर्दीची वेळ होती. ते स्टुलावर बसलेले, मी उभा. “माझ्याकडे बघा” म्हणालो, डमी काचेवर मार्कर पेननं ठिपके दिले आणि पट्टी लावून आकडा लिहिला. तीन आठवड्यांनी ते आले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, स्टिअरिंगवर बसलो की मला बैलासारखं डोकं खाली घालावं लागतं.” मी नव्यानं माप घेतलं, या वेळी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसून. ठिपके आधीच्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर खाली आले. चूक अगदी साधी होती. मी उभा असल्यामुळे त्यांनी नजर वर उचलली होती, आणि मी वरून तिरकं बघत असल्यामुळे बुबुळाची रेघ काचेवर आणखी वर पडली होती. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, म्हणून बेरीज झाली. काचा माझ्या खर्चानं बदलल्या. तेव्हापासून माप घेताना मी बसूनच असतो, गिऱ्हाइकाची नि माझी डोळ्यांची उंची एक झाल्याशिवाय पेन उघडत नाही.

तुमचं माप घेताना दुकानदार उभा होता की बसलेला, हे आठवून बघा. आणखी एक आठवा. आधी फ्रेम तुमच्या नाकावर आणि कानामागे नीट बसवली होती का, की काउंटरवरून उचलली तशी चढवून ठिपके दिले? फ्रेम आधी ठाकठीक करायची आणि मग मापायची, हा क्रम उलटा झाला तर नंतर पॅड हलवले की सगळं माप वाया जातं. आणि दोन्ही डोळ्यांचा आकडा अगदी सारखा, २४/२४, हे पाहूनही मी जरा थबकलो. तो खरा असू शकतो. पण एक डोळा जरासा वर-खाली असणारे चेहरे भरपूर असतात, आणि एका डोळ्याचं माप घेऊन तेच दुसऱ्याला लिहून टाकणारेही कमी नाहीत. तुमच्या काचेची उभी उंची पट्टीनं मोजा. ती ३६ मिलिमीटर असेल तर मध्य १८ वर येतो. बुबुळ सहसा मध्याच्या दोन-चार मिलिमीटर वर असतं. २४ म्हणजे सहा वर. चेहऱ्यावर आणि फ्रेम कुठे बसते त्यावर अवलंबून आहे, अशक्य नाही, पण विचारण्यासारखं नक्की.

आता घरी करून बघायच्या दोन गोष्टी. यांना दहा मिनिटं पुरतात, आणि दुकानात जाऊन “बरं वाटत नाही” एवढंच म्हणण्यापेक्षा हातात काहीतरी ठोस असतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरपासून वीस फुटांवर उभ्या राहा. कॅलेंडर डोळ्यांच्या उंचीला हवं, नाहीतर परीक्षाच चुकते. चेहरा सरळ ठेवून महिन्याच्या नावाची नि वारांची अक्षरं बघा. धूसर असतील तर मान न हलवता चष्मा दोन बोटांनी नाकावरून दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवा. अक्षरं उघडली का? उघडली तर काच वर बसली आहे. हे दोन्ही डोळ्यांनी करून झालं की एकेक डोळा झाकून करा. एकाच डोळ्यात फरक पडत असेल तर चूक फक्त त्या काचेची आहे, आणि ही माहिती दुकानदाराच्या फार कामाची. पण चष्मा खाली सरकवून, शिवाय हनुवटी खाली घालूनही अक्षरं धूसरच राहिली, तर प्रश्न उंचीचा नाही. मग लांबचा नंबरच चुकला असेल, किंवा काच बनवताना गडबड झाली असेल. तुम्ही मान खाली घालता आणि तेवढ्यानं भागतं, यावरून मला उंचीच वाटते. तरी करून बघा.

याच्या उलटंही होतं. ज्यांच्या काचा खाली बसल्यात त्यांना लांबचं मस्त दिसतं, पण पेपर वाचायला हनुवटी वर करावी लागते, किंवा चष्मा एका बोटानं वर उचलून धरावा लागतो. उचलल्यावर अक्षरं स्पष्ट झाली तर निदान झालंच. काँप्युटरसमोर ही मंडळी पोपटासारखी मान उंच करून बसतात. आणि उंची बरोबर असूनही डोळ्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, चुकलं असेल तर वाचताना ओळीचा एकच भाग स्पष्ट दिसतो, कागद एका बाजूला सरकवावा लागतो. तुमच्या पत्रात त्याची खूण नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

दुसरी गोष्ट फोटोची. दुकानातून काच येते तेव्हा तिच्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या शाईच्या खुणा असतात, त्या स्पिरिटनं पुसून देतात. पण काचेत कोरलेल्या दोन बारीक खुणा कायम राहतात. चष्मा काळ्या कापडासमोर, ट्यूबलाइटच्या तिरक्या उजेडात धरा आणि हळूहळू वाकवा. प्रत्येक काचेवर दोन इवलीशी वर्तुळं किंवा कंपनीची चिन्हं दिसतील, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली २० किंवा तसाच आकडा असेल, तो तुमचा ॲड. दिसायला वेळ लागतो, चिडू नका, मलाही कधी कधी दोन मिनिटं लागतात. सापडल्या की त्यांवर बारीक मार्करनं ठिपके द्या आणि दोन ठिपक्यांच्या मध्यावर तिसरा ठिपका. मूळ अधिकचं चिन्ह या मध्यापासून बऱ्याच डिझाइनमध्ये ४ मिलिमीटर वर असतं, काहींत कमी-जास्त. नेमका आकडा दुकानदाराकडे कंपनीच्या तक्त्यात असतो, तो फोनवर विचारून घ्या आणि तेवढ्या वर एक फुली काढा. आता चष्मा घालून नेहमीसारख्या ताठ बसा. यजमानांना समोर हातभर अंतराच्या पलीकडे बसवा, मोबाइलचा कॅमेरा बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीला धरायला सांगा, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघा. मान खाली घालायचा मोह आवरा. फोटो मोठा करून पाहिला की फुली बुबुळावर आहे, भुवईकडे सरकली आहे की खालच्या पापणीकडे, हे शेजारच्या पोरालाही सांगता येईल. ठिपके नंतर स्पिरिटनं किंवा साबणाच्या पाण्यानं निघतात. पण आधी काचेच्या कोपऱ्यावर शाई निघते का ते बघून घ्या.

दुकानात गेल्यावर भांडू नका आणि “ॲडजस्ट होत नाही” असंही म्हणू नका. त्या वाक्याला ठरलेलं उत्तर असतं, ते तुम्ही ऐकून आला आहात. असं म्हणा: “सरळ बघितलं की लांबचं धूसर, चष्मा तीन मिलिमीटर खाली सरकवला की स्पष्ट. कोरलेल्या खुणांवरून पुन्हा मार्किंग करून माझ्या चेहऱ्यावर तपासा.” एवढं ऐकल्यावर कामाचा माणूस चष्मा पुसून तक्त्यावर ठेवतो, खुणा काढतो आणि तुमच्यासमोर येऊन बसतो. त्याचबरोबर लेन्सोमीटरवर काच बघून नंबर डॉक्टरांच्या कागदाशी जुळतो का तेही त्यानं पाहायला हवं. हे तो स्वतःहून करत नसेल तर सांगून करून घ्या.

पुढे काय होईल ते चूक किती आहे त्यावर. दोन मिलिमीटरच्या आत असेल आणि फ्रेम नाकाच्या पॅडवाली धातूची असेल, तर पॅड किंचित बाहेर फाकवले की फ्रेम नाकावर खाली उतरते. पाच मिनिटांचं काम आहे आणि तेवढ्यानं तुमची बस दिसायला लागू शकते. पण पॅड फाकवल्यावर चष्मा घसरायला लागला तर एका चुकीची दुसरी झाली, म्हणून कानामागची दांडीही त्याच वेळी बसवून घ्या. मान जोरात खाली घालून हलवा, चष्मा जागेवर राहायला हवा. शेल, म्हणजे प्लास्टिकच्या फ्रेमला सहसा असे पॅड नसतात, तिथे ही सोय फारशी नाही. आणि चूक तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पक्कड पुरत नाही. एकदा कापून बसवलेली काच फ्रेममध्ये वर-खाली सरकवता येत नाही, ती नवीनच करावी लागते.

नवीन काच म्हटलं की तुमचे साडेचौदा हजार आठवतील. पण मापाची चूक असेल तर तो खर्च गिऱ्हाइकाचा नाही. शिवाय प्रोग्रेसिव्हच्या बहुतेक कंपन्या जमत नसलेल्या काचा ठरावीक मुदतीत दुकानदाराला बदलून देतात. मुदत कंपनीगणिक वेगळी असते. ती बिलावर शोधा, नसेल तर आजच विचारा. “महिनाभर वापरा” म्हणता म्हणता ही मुदत उलटून गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी दुकानदार मुद्दाम करतो असंही नाही, बऱ्याचदा त्यालाही खरंच वाटत असतं की सवय होईल.

नव्या काचांसाठी माप पुन्हा घेताना तुम्ही फक्त एवढं सांभाळा: तोवर बसलेली हनुवटी खाली घालायची सवय माप देताना बाहेर येऊ देऊ नका. अठरा दिवसांत ती लागलेली असणार. हनुवटी खाली राहिली तर डोळा फ्रेममध्ये वर जातो आणि दुकानदार पुन्हा २४ लिहून मोकळा. माप देण्याआधी चष्मा काढून दुकानात दोन चकरा मारा, खिडकीतून लांबवर बघा, मग बसा. मी बऱ्याचदा गिऱ्हाइकाला उभं करून, लांबच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे बघायला सांगून ठिपके पुन्हा पडताळतो.

जिन्याचं मात्र अर्धंच सुटेल, हे आधीच सांगून ठेवतो. काचेचा खालचा भाग हातातल्या कागदासाठी, चाळीसेक सेंटिमीटरसाठी बनवलेला असतो. पायरी दीड मीटरवर. त्यामुळे नुसती नजर खाली टाकून पायरी बघितली तर ती कुठल्याही प्रोग्रेसिव्हमधून धूसरच दिसणार, बरोबर बसवलेल्यातूनही. जिना उतरताना नजर नाही, हनुवटीच खाली घालायची, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसते. सध्या तुमची काच वर बसल्यामुळे त्यासाठी मान फारच वाकवावी लागते आहे, म्हणून पायरी चुकली. काच जागेवर आली की हे सोपं होईल, पण पहिले काही दिवस कठड्याला हात असू द्या.

बँकेतल्या कामाबद्दल एक. नोटा चाळीस सेंटिमीटरवर, स्क्रीन साधारण साठ-सत्तरवर, गिऱ्हाइक काचेपलीकडे मीटरभर. यातली स्क्रीन येते काचेच्या मधल्या, सगळ्यात अरुंद पट्ट्यात. उंची दुरुस्त झाल्यावर तुम्हाला वाचायला आतापेक्षा नजर थोडी जास्त खाली न्यावी लागेल, तेव्हा “आता वाचायचं बिघडलं” असं वाटून घाबरू नका, दोन-चार दिवसांत ते बसतं. पण स्क्रीनकडे बघताना दिवसभर मान डावी-उजवी करावी लागत असेल, तर ती काचेची मर्यादा आहे, चूक नव्हे. दिवसातले पाच-सहा तास स्क्रीनपुढे जात असतील तर काउंटरसाठी वेगळा ऑफिस लेन्सचा, म्हणजे फक्त जवळच्या आणि स्क्रीनच्या अंतरासाठी बनवलेला चष्मा जास्त सुखाचा. मी स्वतः दुकानात तोच लावतो, प्रोग्रेसिव्ह फक्त बाहेर.

शेवटी डॉक्टरांकडे कधी, ते. चष्म्यामुळे येणारी गरगर चष्मा काढून डोळे मिटले की थोड्या वेळात ओसरते. चष्मा नसतानाही खोली फिरत असेल, अंथरुणात कुशीवर वळताना गरगरत असेल, तर ती काचेची नाही, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. एकाची दोन दिसणं एकाएकी सुरू झालं, एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखा झाला, विजेसारखे चमकारे दिसले, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा वाटला, तर चष्म्याच्या दुकानाकडे अजिबात वळू नका, थेट दवाखाना गाठा. आणि मधुमेह असेल तर तेही दुकानदाराला नि डॉक्टरांना सांगा. साखर वर-खाली होत असताना डोळ्याचा नंबरही हलतो, आणि त्या काळात काढलेल्या नंबराचा चष्मा कितीही नीट बसवला तरी साखर ताब्यात आली की चुकीचा ठरतो. तुमच्या पत्रात साखरेचा उल्लेख नाही, म्हणून आधी कॅलेंडरपुढे उभ्या राहा आणि चष्मा खाली सरकवून बघा.